परदेशातील विद्यार्थ्यांची ऑनलाइन शिकवणी: चलन, पहाटेचे तास आणि कापले जाणारे पैसे

प्रश्न: मी नाशिकला घरी सातवी ते दहावीचे गणित शिकवते. एकट्या विद्यार्थ्याचे तासाला 500 रुपये घेते. न्यू जर्सीत राहणारी माझी भाची म्हणते, तिच्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींच्या मुलांना ऑनलाइन शिकव. फी रुपयांत सांगू की डॉलरमध्ये? पहाटे उठावे लागेल, त्याचे जादा घ्यावे का? आणि पैसे येताना जे कापले जातात ते कोणी सोसायचे?

उत्तर:

या तिन्ही गोष्टी एकाच हिशेबाच्या पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम चुकला की हिशेब बिघडतो. बहुतेक जण आधी डॉलरचा एक गोल आकडा सांगून मोकळे होतात आणि महिन्याभराने खात्यात किती आले ते पाहून खट्टू होतात. त्याऐवजी आपल्या खात्यात तासाला किती रुपये पडायला हवेत हे आधी ठरवावे, मग तो तास कोणत्या वेळी आहे हे पाहावे, त्यानंतर चलन निवडावे आणि वाटेत कापले जाणारे पैसे शेवटी त्या आकड्यात मिसळावेत. अमेरिकेतील शिक्षक तासाला किती घेतात हे भाची सांगेलच. त्या माहितीवरून पालकांची तयारी कुठपर्यंत आहे याचा अंदाज येतो, पण तुमची फी त्यावरून ठरत नाही.

मूळ दरापासून सुरुवात करू. नाशिकचे 500 रुपये हे तुम्हाला पाठ असलेल्या अभ्यासक्रमाचे आहेत. तिकडच्या आठवीच्या मुलाला ‘प्री-अल्जिब्रा’ किंवा ‘अल्जिब्रा 1’ असतो, उदाहरणे इंच, मैल आणि फॅरनहाइटमध्ये असतात, आणि आपण सरळ रेषेचे समीकरण y = mx + c असे लिहितो तिथे त्याच्या वहीत y = mx + b असते. यात अवघड काही नाही, पण प्रत्येक तासाआधी त्याच्या शाळेचे पान उघडून पाहावे लागते. शिवाय गृहपाठाचे फोटो तपासणे आणि पालकांच्या संदेशांना उत्तरे देणे आलेच. शिकवण्याच्या एका तासामागे आपला साधारण दीड तास जातो, म्हणून 500 चे 750 धरावेत. भाचीच्या मुलीला सवलत द्यायची असेल तर ती याच टप्प्यावर, मूळ दरात द्यावी. मैत्रिणींना सांगायचा दर मात्र वेगळा आणि पूर्ण ठेवावा, कारण तीन घरांत फीची चर्चा होणार हे गृहीतच धरायचे.

आता वेळ. न्यू जर्सीच्या मुलाला शाळा, खेळ आणि जेवण आटोपून संध्याकाळी साडेसात सोयीचे असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, म्हणजे वर्षातील 34 आठवडे, तिकडचे घड्याळ एक तास पुढे असते आणि त्या काळात त्यांचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपले पहाटेचे पाच. उरलेले 18 आठवडे तोच तास आपल्याकडे सकाळी सहाला येतो. भारतात घड्याळ बदलत नाही, म्हणून बदल नेहमी आपल्या बाजूला जाणवतो. वर्गाची वेळ मुलाच्या घड्याळाने बांधावी, कारण त्याची शाळा आणि खेळाचा सराव त्या घड्याळावर चालतात. आपल्या घड्याळाने बांधली तर नोव्हेंबरमध्ये त्याचा तास साडेसहावर येतो, जेवणाच्या किंवा सरावाच्या वेळेशी भिडतो आणि तासच बंद पडतो. कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइम झोन America/New_York निवडला की नोंद आपोआप सरकते. आणखी एक बारीक गोष्ट: त्यांचा मंगळवार संध्याकाळचा तास आपल्याकडे बुधवारी पहाटे असतो, तेव्हा पालकांशी लिहून बोलताना दोन्ही वार लिहावेत, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी एक जण रिकाम्या पडद्यासमोर बसतो.

जादा आकारणी देशावर लावू नये, आपल्या घड्याळातील तासावर लावावी. ‘अमेरिकेचे जास्त, दुबईचे कमी’ असे सांगितले की पालकांना ती श्रीमंतीवरची आकारणी वाटते, आणि ती तशी असतेही. त्याच न्यू जर्सीच्या मुलाचा शनिवारी सकाळी नऊचा तास आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसहाला किंवा साडेसातला येतो. त्यासाठी काही जादा मागण्याचे कारण नाही. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, तिथल्या संध्याकाळच्या पाचच्या तासालाही जादा लागत नाही. लंडनचा संध्याकाळी पाचचा तास मात्र आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला येतो, त्याला थोडे लावावे लागते. मी स्वतः असे धरतो: सकाळी साडेपाचच्या आधी सुरू होणाऱ्या तासाला मूळ दरावर 40 टक्के, साडेपाच ते सात या वेळेत आणि रात्री साडेनऊनंतर 20 टक्के, बाकी वेळेला काही नाही. या टक्केवारीमागे शास्त्र नाही. पहाटे पाचच्या तासानंतर दुपारी झोप काढावी लागते आणि दुपारची एक स्थानिक बॅच घेता येत नाही, त्या बुडालेल्या उत्पन्नावरून मी हा आकडा काढला. तुमची दुपार मोकळीच असेल तर 25 टक्केही पुरतील.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. खरा त्रास पहाटे उठण्याचा असतो. एकदा उठल्यावर एक तास शिकवला काय आणि दोन शिकवले काय, फरक थोडा पडतो. म्हणून एका पहाटे एकच मूल घेणे महाग पडते. तुमच्याकडे तीन मुले आहेत, तर दोघांचे तास त्याच पहाटे लागून ठेवा, पाच ते सहा आणि सहा ते सात, आणि जादा आकारणीचा भार दोघांत वाटून लावा. पुढे कॅलिफोर्नियाचा एखादा विद्यार्थी आला तर त्याचे संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले सकाळचे साडेसहा, म्हणजे न्यू जर्सीनंतर थोड्याच वेळाने त्याचा तास बसतो. आठवड्यात तीनपेक्षा जास्त पहाटा घेऊ नयेत असे माझे मत आहे. चौथ्या पहाटेची भरपाई कोणत्याही टक्केवारीने होत नाही.

घड्याळ वर्षातून दोनदा बदलते म्हणून फीही दोनदा बदलायची का? बदलू नये. पालकांना मासिक आकडा एकच सांगावा आणि सरासरी आपण काढावी. समजा एका मुलाचे आठवड्याला दोन तास आहेत: मंगळवार संध्याकाळी साडेसात आणि शनिवार सकाळी नऊ, दोन्ही त्यांच्या घड्याळाने. शनिवारचा तास वर्षभर 750 रुपयांचाच. मंगळवारच्या तासाचे वर्ष तीन भागांत पडते. न्यू जर्सीच्या शाळांना जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, साधारण 10 आठवडे सुट्टी असते. त्या काळात मंगळवारचा तासही त्यांच्या सकाळी नऊला घ्यावा, म्हणजे तो आपल्या संध्याकाळी येतो आणि 750 रुपयांचाच राहतो. पुढे गेलेल्या घड्याळाच्या 34 आठवड्यांतून हे 10 वजा केले की 24 आठवडे तास पहाटे पाचला येतो, त्याचे 40 टक्क्यांसह 1,050 रुपये होतात. उरलेले 18 आठवडे सकाळी सहाला, 20 टक्क्यांसह 900 रुपये. म्हणजे 24 गुणिले 1,050, अधिक 18 गुणिले 900, अधिक 10 गुणिले 750, मिळून 48,900. त्याला 52 ने भागले की तासाला 940 रुपये पडतात. महिन्याचे चार शनिवार 3,000 आणि चार मंगळवार 3,760, एकूण 6,760. आपण 6,800 धरू. हा झाला आपल्या हाती यायला हवा तो आकडा. ज्या महिन्यात एखादा वार पाचव्यांदा येतो तो तास वेगळा मोजायचा की फीतच धरायचा, हे सुरुवातीलाच सांगून ठेवावे. मी फीतच धरतो आणि त्या बदल्यात त्यांच्या नाताळच्या आठवड्यात सुट्टी घेतो.

चलनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: अमेरिकेतील पालकाला फी डॉलरमध्ये सांगावी. रुपयांत सांगितली तर दर महिन्याला त्यांना वेगळा आकडा भरावा लागतो, कार्डावर परदेशी व्यवहाराचे शुल्क लागू शकते, आणि दर महिन्याला नवा आकडा पाहणारा पालक दर महिन्याला फीचा विचार करतो. डॉलरमध्ये फी असली की विनिमयदराचा चढउतार आपल्याकडे येतो, हे खरे. पण गेल्या दशकाचा अनुभव शिक्षकाच्या बाजूचा आहे: 2014 मध्ये साठीच्या आसपास असलेला डॉलर 2024 मध्ये त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीला पोहोचला होता. पौंडाची गोष्ट अशी सरळ नाही. जून 2016 मधील ब्रेक्झिटच्या सार्वमतापूर्वी तो शंभर रुपयांच्या आसपास होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ऐंशीच्या घरात आला. ज्यांनी वर्षभराची फी पौंडात पक्की केली होती त्यांना तो घाव सोसावा लागला. म्हणून पौंडात फी सांगताना दर सहा महिन्यांनी फेरविचार होईल असे एक वाक्य लिहून ठेवावे. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725 दिरहॅम, त्यामुळे तिथे डॉलर सांगा की दिरहॅम, आपल्या दृष्टीने फरक पडत नाही.

आता कापले जाणारे पैसे. हिशेबासाठी डॉलर 85 रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा दर घाला. 6,800 ला 85 ने भागले की 80 येतात, आणि बहुतेक जण 80 डॉलर सांगतात. कार्डावरून पैसे घेणाऱ्या पेपालसारख्या सेवेत परदेशी व्यवहारावर साधारण 4.4 टक्के आणि वर 30 सेंट जातात. खरी मेख मात्र त्यापुढे आहे. सेवा डॉलरचे रुपये करताना बाजारभावापेक्षा कमी दर देते आणि ही कपात पावतीवर शुल्क म्हणून दिसत नाही. ती ओळखण्याची रीत सोपी आहे: खात्यात आलेल्या रुपयांना शुल्क वजा जाता उरलेल्या डॉलरने भागावे आणि त्या दिवशीच्या बाजारदराशी ताडून पाहावे. समजा तो फरक 3 टक्के निघाला, तर 85 चा दर प्रत्यक्षात 82.45 होतो. 80 डॉलरमधून शुल्क गेल्यावर 76.18 उरतात, त्यांचे 6,281 रुपये होतात. म्हणजे महिन्याला 519 रुपये, जवळपास पावणेआठ टक्के, वाटेत गळाले. त्यातले एक तृतीयांशाहून थोडे जास्त या न दिसणाऱ्या दरफरकाचे आहेत.

उलटा हिशेब असा करावा:

```
डॉलरमधील फी = (हाती हवे ते रुपये ÷ हाती येणारा दर + ठरावीक शुल्क) ÷ (1 − शुल्काचा दर)

(6800 ÷ 82.45 + 0.30) ÷ (1 − 0.044) = 86.6
```

80 वर साडेसात टक्के चढवले तर 86 येतात आणि थोडे कमी पडतात, कारण शुल्क आपल्याला हव्या असलेल्या रकमेवर न लागता पालकाने भरलेल्या पूर्ण रकमेवर लागते. म्हणून गुणण्याऐवजी भागायचे. 86.6 चे मी 90 करीन. 90 डॉलर आले तर हाती सुमारे 7,070 रुपये पडतात, आणि डॉलर 82 रुपयांपर्यंत घसरला तरी 6,800 सुटतात. विनिमयदराची जोखीम आपल्या अंगावर घेतली आहे, तिच्यासाठी एवढी उशी पुरते आणि त्यासाठी पालकांशी वेगळे बोलण्याची गरज राहत नाही.

थेट बँकेतून, म्हणजे स्विफ्टने पैसे मागवले तर टक्केवारी कमी लागते, पण ठरावीक रक्कम मोठी कापली जाते: मधली बँक स्वतःचे काही डॉलर काढून घेते आणि पालकाची बँकही पाठवण्याचे वेगळे घेते. समजा मधल्या बँकेने 15 डॉलर घेतले आणि दरात 1 टक्का गेला, तर दर महिन्याला मागवल्यास 6,800 हाती पडायला जवळपास 96 डॉलर लागतात, तीन महिन्यांचे एकदम मागवल्यास महिन्याला 86, आणि सहा महिन्यांचे मागवल्यास 83. म्हणजे एका मुलाची मासिक फी स्विफ्टने मागवणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. पालकाने पैसे पाठवताना शुल्काचा पर्याय OUR निवडला तर कपात त्याच्या बाजूला जाते, SHA असेल तर मधल्या बँकेची कपात आपल्या रकमेतून होते. ‘पूर्ण पाठवले होते, कमी कसे आले?’ या वादाचे मूळ बहुधा इथे असते. तिसरा मार्ग म्हणजे तुमच्या नावाने अमेरिकेत पैसे स्वीकारणारा खातेक्रमांक देणाऱ्या सेवा. पालक देशांतर्गत हस्तांतरासारखे पैसे भरतो आणि सेवा ते रुपयांत आपल्या बँकेत पाठवते. एकूण कपात 1 टक्क्याच्या आसपास असेल तर 82 डॉलरमध्ये काम होते. अशी सेवा निवडताना दोनच प्रश्न विचारावेत: दर बाजारभावापेक्षा किती कमी देता, आणि प्रत्येक रकमेमागे परकीय पैसे आल्याचे बँकेचे पत्रक, म्हणजे FIRA, देता का. दुसऱ्याचे उत्तर नाही असेल तर स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

या कपातीची ओळ पालकांच्या बिलावर वेगळी दाखवू नये. ‘फी 80, पेमेंट चार्जेस 7’ असे लिहिले की पालक सात डॉलरवर घासाघीस करतो आणि पैसे पाठवण्याच्या आडवाटा सुचवतो. शिवाय अनेक सेवांच्या नियमांत त्यांचे शुल्क ग्राहकावर वेगळे लावण्याला मनाई असते. 90 म्हणजे 90. हवे तर तिमाही आगाऊ बँकेने भरणाऱ्याला 260 डॉलर असा दुसरा दर ठेवावा. शुल्क वाचते त्यातला काही भाग पालकाला मिळतो आणि तो स्वतःहून स्वस्त मार्ग निवडतो.

आडवाटांबद्दल दोन शब्द, कारण नात्यातल्या ओळखीतून आलेल्या शिकवणीत त्या हमखास निघतात. भाची म्हणेल, ‘मावशी, घरखर्चाला म्हणून पाठवते, काही कापत नाही.’ बँकेत परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला एक उद्देशसंकेत लागतो. कुटुंबाच्या निर्वाहाचा P1301 आहे आणि शैक्षणिक सेवेचा P1107. शिकवणीची फी, तीही भाचीच्या मैत्रिणींनी पाठवलेली, निर्वाहाच्या संकेताखाली घेणे म्हणजे चुकीची नोंद करणे होय. दुसरी वाट म्हणजे मुलाच्या आजोबांनी इथल्या खात्यातून यूपीआय करणे. त्यात कपात शून्य आणि ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवले तर आयकराचाही प्रश्न नाही. अडचण पुढे येते. तुमची वर्षाची एकूण उलाढाल, स्थानिक आणि परदेशी मिळून, 20 लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. खासगी शिकवणीवर 18 टक्के कर आहे. परदेशातील विद्यार्थ्याची शिकवणी निर्यात ठरली तर हमीपत्र, म्हणजे LUT, भरून तो शून्य होतो. पण निर्यात ठरण्याच्या अटींत पैसे परकीय चलनात येणे, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या रीतीने रुपयांत येणे, ही एक अट आहे, आणि आजोबांच्या बचत खात्यातून आलेले रुपये त्या अटीत बसवणे कठीण. तीन मुलांच्या शिकवणीत तुम्ही त्या मर्यादेच्या जवळही नाही. तरी पत्रके जपण्याची सवय आत्ताच लावावी.

रद्द झालेल्या तासांचा नियमही फीच्याच हिशेबात येतो. पहाटे पाचचा तास साडेचारला रद्द झाला तर झोप गेलेलीच असते. मी बारा तासांची मुदत ठेवतो: त्यांचा तास संध्याकाळी साडेसातला, म्हणजे त्यांच्या सकाळी साडेसातपर्यंत, आपल्या संध्याकाळी पाचपर्यंत कळवावे, म्हणजे गजर लावायचा की नाही हे झोपण्याआधी ठरते. मुदतीनंतर रद्द झालेला तास झाला असे धरावे. मुदतीत कळवलेल्या तासाचे पैसे परत करू नयेत, शनिवारी किंवा सुट्टीत बदली तास द्यावा. पैसे परत केले तरी आधी कापलेले शुल्क सेवा बहुधा परत करत नाही, आणि ते दोन्ही वेळा तुमच्याच खिशातून जाते.

फीवाढ करायची ती वर्षातून एकदा, आणि ती मे महिन्यात कळवून सप्टेंबरपासून लागू करावी. तिकडच्या पालकांचे पुढील शालेय वर्षाच्या शिकवण्या आणि खेळ यांचे बेत त्या सुमारास आखले जातात, आणि उन्हाळी सुट्टीतील संध्याकाळच्या तासांमुळे तुमच्या बाजूलाही त्यांच्याशी सवडीने बोलायला वेळ असतो.